सुबक चार्टला चार ठिकाणी गुण, वजनकाट्याला एकाच ठिकाणी: प्रकल्पाचं रुब्रिक तपासायला मदत हवी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या प्रकल्पांसाठी आमच्याकडे ५० गुणांचं रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता, आहे. कोणी आणि कधी केलं हे आता कोणालाच सांगता येत नाही, दरवर्षी झेरॉक्स निघते आणि वापरलं जातं. मुख्याध्यापकांनी ते सुधारायचं काम माझ्याकडे दिलंय. आधी जसंच्या तसं देते:

विषयाचे ज्ञान १०, संशोधन व माहिती संकलन १०, मांडणी १०, सादरीकरण १०, सर्जनशीलता ५, नीटनेटकेपणा ५.

प्रत्येकाला चार पातळ्या: उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक. वर्णनं अशी: ज्ञानाच्या ओळीत 'विषयाचे सखोल ज्ञान', 'चांगले ज्ञान', 'पुरेसे ज्ञान', 'अपुरे ज्ञान'. मांडणीत 'आकर्षक, सुवाच्य व सुसंगत'. सादरीकरणात 'आकर्षक व आत्मविश्वासपूर्ण'. सर्जनशीलतेत 'आकर्षक व नावीन्यपूर्ण'. नीटनेटकेपणात 'स्वच्छ व सुवाच्य'.

आता दोन गट बघा. पहिल्या गटातल्या एका मुलाच्या मामाची निफाडकडे कांदाचाळ आहे. मुलांनी उन्हाळ कांद्याचे तीन क्रेट बाजूला ठेवले, दर रविवारी वजन केलं, किती घट आली, किती सडले, किती कोंब फुटले, सगळं वहीत. पावसाळा लागल्यावर एका क्रेटचं वजन एकदम घसरलं, त्याचीही नोंद. चार्ट मात्र बॉलपेनने, खाडाखोड केलेला. दुसऱ्या गटाने गोदावरीचं मॉडेल केलं, ब्रह्मगिरीपासून रामकुंडापर्यंत, थर्माकोलचा डोंगर, निळे दिवे, संगणकावर छापलेला चार्ट. माहिती सगळी इंटरनेटवरची.

गुण वरच्याच क्रमाने. कांदा: ८, ९, ५, ५, ३, २, एकूण ३२. मॉडेल: ७, ६, ९, ९, ५, ५, एकूण ४१.

गुण देणाऱ्या बाई अत्यंत प्रामाणिक आहेत. रुब्रिक पुढ्यात ठेवून मीही दिले असते तर फार वेगळे आले नसते. म्हणून विचारते, यात नेमकं बिघडलंय कुठे? आणि तपासणी कशी करायची? एकूण २४ गटांचा गुणतक्ता माझ्याकडे आहे.

---

पंचवटीची_आई

बाई, रुब्रिक म्हणजे ते अंतर्गत गुणच ना? माझ्या मुलीला २० पैकी १४ दिलेत आणि वर्गात तिच्यापेक्षा कमी अभ्यास करणाऱ्या मुलीला १८. फेरतपासणीचा अर्ज शाळेत द्यायचा की बोर्डात? कोणी सांगेल का?

---

गोदाकाठ

ताई, हा धागा त्याबद्दल नाही. पण आधी वर्गशिक्षकांना भेटून १४ चे तुकडे कसे पडले ते विचारा. गुणांची ओळवार फोड मागायचा पालकांना संकोच वाटायला नको.

---

निफाडकर

उत्तर तुमच्याच धाग्यात आहे. मॉडेल घरच्यांनी केलं, मुलांनी नाही. थर्माकोल बंद करा, प्रश्न मिटला. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी 'वस्तू वर्गातच बनवायची' हा नियम केला तेव्हापासून पालकांचं प्रदर्शन थांबलं.

---

खडूफळा

निफाडकर, थर्माकोल बंद केला तरी पुढच्या वर्षी सुंदर अक्षराचा गट पहिला येईल. खोट तक्त्यात आहे.

गोदाकाठ मॅडम, तुमचे आकडे दोन भागांत तोडून बघा. पहिल्या दोन ओळी, म्हणजे ज्ञान आणि संशोधन: कांदा १७, मॉडेल १३. तिथे कांदा ४ ने पुढे आहे. उरलेल्या चार ओळी: कांदा १५, मॉडेल २८. तिथे मॉडेल १३ ने पुढे. तेरातून चार गेले, राहिले नऊ, तोच तुमचा ४१ आणि ३२ मधला फरक. म्हणजे बाईंना कांद्याचं काम सरस आहे हे दिसलं होतं, त्यांनी तसे गुणही दिले. ते पुढच्या चार ओळींनी पुसून टाकले.

आता त्या चार ओळी काय मोजतात? वर्णनातले शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. 'आकर्षक' तीन ओळींत आहे, 'सुवाच्य' दोन ओळींत. मी इतकी वर्षं प्रश्नपत्रिका आणि गुणदानाचे तक्ते तपासले, त्यात ही पहिली चाचणी नेहमी लावतो: एकच दोष घ्यायचा आणि तो किती ओळींत गुण खातो ते मोजायचं. खाडाखोड केलेला चार्ट घ्या. मांडणीत गेला, नीटनेटकेपणात गेला, 'आकर्षक' नाही म्हणून सर्जनशीलतेत गेला आणि मुलं तोच चार्ट दाखवून बोलली म्हणून सादरीकरणातही थोडा गेला. एका बॉलपेनची शिक्षा चार वेळा.

कागदावर नीटनेटकेपणाला ५० पैकी ५ आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात 'दिसायला कसं आहे' या एकाच गोष्टीला ३० गुणांपर्यंत पोच आहे.

दुसरी चाचणी उलटी. एका ओळीत उत्कृष्ट आणि दुसरीत तळाला, असा प्रकल्प डोळ्यांसमोर आणायचा. ज्ञान आणि संशोधनात तो लगेच सापडतो: पोतंभर माहिती गोळा केली पण विचारलं तर काही सांगता येत नाही, असा गट प्रत्येक वर्गात असतो. म्हणून त्या दोन ओळी वेगळ्या राहू देत. मांडणीत उत्कृष्ट पण नीटनेटकेपणात तळाला, असा प्रकल्प आणून दाखवा. मला तरी सुचत नाही.

---

आकडेमोड

मी शिक्षक नाही, अंबडला कंपनीत क्वालिटी विभागात आहे, पण हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. कल्पनाशक्ती कशाला ताणायची? २४ गटांचा तक्ता आहे ना? दोन स्तंभ बरोबर चढतात-उतरतात का ते एका सूत्रात कळतं. मांडणी D स्तंभात आणि नीटनेटकेपणा G मध्ये असेल तर:

```
=CORREL(D2:D25,G2:G25)
```

उत्तर १ च्या जवळ आलं की दोन्ही ओळी एकच गोष्ट मोजतायत, एक उडवा. अशा सगळ्या जोड्या तपासा. दहा मिनिटांचं काम.

---

गोदाकाठ

केलं. मांडणी आणि नीटनेटकेपणा ०.९. पण ज्ञान आणि संशोधनसुद्धा ०.८ आलं! म्हणजे तीही एकच ओळ करायची? खडूफळा सर तर वेगळी ठेवा म्हणतात.

---

खडूफळा

आकडेमोड साहेबांचं सूत्र उपयोगाचं आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. दोन स्तंभ सोबत का चालतात याची तीन कारणं असू शकतात. एक, ओळी खरोखर एकच आहेत. दोन, ओळी वेगळ्या आहेत पण मेहनती मुलं दोन्हीकडे मेहनत करतात. उंची आणि वजन मुलांमध्ये सोबत वाढतं म्हणून कोणी मोजपट्टी टाकून नुसता काटा ठेवत नाही. तीन, तपासणाऱ्याने पहिल्या ओळीत ८ दिले की हात आपोआप दुसऱ्या ओळीतही आठाकडे जातो. बाई एका गटासमोर उभ्या राहून सहाही ओळी एका दमात भरत असतील तर हे होणारच.

तिसरं कारण तपासायचं असेल तर सहा प्रकल्प घ्या आणि एकावेळी एकच ओळ भरा: आधी सहाही गटांचं ज्ञान, मग पहिल्यापासून सहाही गटांचं संशोधन. आकडे वेगळे पडू लागले तर दोष ओळींत नव्हता, भरण्याच्या पद्धतीत होता. सूत्र फक्त कुठे बघायचं ते दाखवतं. ओळ ठेवायची की काढायची हे वर्णन वाचूनच ठरवावं लागतं.

---

आकडेमोड

मान्य. आमच्याकडेही एकच माणूस सलग तपासणी करतो तेव्हा मागच्या नगाचा असर पुढच्यावर येतोच.

मग तक्त्यावर अजून एक गोष्ट करा. प्रत्येक स्तंभात गुण किती पसरलेत ते बघा:

```
=STDEV.P(B2:B25)
```

B म्हणजे ज्ञान. असंच G साठीही.

---

गोदाकाठ

ज्ञान ०.५. नीटनेटकेपणा १.३. याचा अर्थ काय घ्यायचा?

तसाच तक्ता डोळ्यांनी बघितला तर ज्ञानात २४ गटांपैकी प्रत्येकाला ७ नाहीतर ८ आहेत. एकालाही ६ नाही की ९ नाहीत. नीटनेटकेपणात मात्र १ पासून ५ पर्यंत सगळे आकडे आहेत.

---

आकडेमोड

याचा अर्थ तुमची १० गुणांची ओळ दोन गटांमध्ये जास्तीत जास्त १ गुणाचा फरक पाडते. ५ गुणांची ओळ ४ गुणांचा फरक पाडते. क्रम लावताना नीटनेटकेपणा ज्ञानाला सहज उलथवतो. ज्ञानाचे १० गुण म्हणजे सगळ्यांना सात गुणांची ओवाळणी आणि वर एका गुणाची स्पर्धा. उपाय सोपा आहे: ज्ञानाला २० करा, नीटनेटकेपणा २ वर आणा.

---

फिटरमास्तर

सातपूरला आयटीआयमध्ये फिटर शिकवतो, म्हणून माझं दोन पैशांचं.

आमच्याकडे जॉब, म्हणजे पोरांनी घासून केलेला तुकडा, मोजताना व्हर्नियर लागतो, 'सखोल माप' आणि 'चांगलं माप' असा प्रकारच नाही. माप ठरलेल्या मर्यादेत आहे किंवा नाही. त्यामुळे वाटायचं की आमचं गुणदान एकदम चोख. पण खडूफळा सरांची 'एकच दोष किती ठिकाणी' ही चाचणी मी काल आमच्या तक्त्यावर लावून बघितली. पोरगा पहिली बाजू काटकोनात घासायला चुकला की त्या बाजूपासून घेतलेली पुढची सगळी मापं चुकतात. तक्त्यात पाच मापांना गुण आहेत, चूक एक आणि गुण गेले पाच ठिकाणचे. त्यानंतरची फाइलिंग त्याने उत्तम केली असेल तरी ती दिसतच नाही. आणि शेवटी 'फिनिशिंग' नावाची ओळ आहे, तिच्यात सगळ्यांना दहापैकी सात. अगदी तुमच्या ज्ञानासारखंच.

प्रश्न असा की अशी पुढे वाहत जाणारी चूक कशी धरायची? पहिल्यांदा कापायचे आणि पुढे चुकलेल्या बाजूपासूनच मोजून गुण द्यायचे का?

---

खडूफळा

मास्तर, गणिताच्या पेपरात आम्ही तेच करतो. पहिल्या पायरीत बेरीज चुकली तर तिथला गुण जातो, पुढे त्याच चुकीच्या आकड्यावर रीत बरोबर असेल तर रीतीचे गुण मिळतात. पण तुमचा जॉब जोडीच्या तुकड्यात बसायचा असतो. बसला नाही तर फाइलिंग छान होती म्हणून उपयोग काय, असं कोणी म्हटलं तर त्यालाही अर्थ आहे. सरावाच्या जॉबला पुढचे गुण द्यावेत, अंतिम परीक्षेला देऊ नयेत, असं मला वाटतं. दुसऱ्या मास्तरांचं मत वेगळं असू शकेल.

आकडेमोड साहेब, ज्ञानाला २० करून काय होईल? आज सगळ्यांना ७ आणि ८ मिळतात, उद्या १४, १५, १६ मिळतील. फरक एकाचा दोन होईल आणि ओवाळणी सातची चौदा. आधी विचारा की सगळे सात-आठलाच का थांबले. दोन शक्यता. खरोखरच सगळ्या गटांची समज सारखी असेल, मग फरक कमी येणं बरोबरच आहे, ओढूनताणून पसरवायचं कारण नाही. पण मॅडम सांगतात त्यावरून कांद्याच्या गटाची आणि मॉडेलच्या गटाची समज सारखी नव्हती. मग उरतं ते वर्णन. 'सखोल', 'चांगले', 'पुरेसे'. एखाद्याने विचारलं की माझं ज्ञान सखोल का नाही, तर बाईंकडे दाखवायला काही नाही. मग त्या सगळ्यांना मधल्या सुरक्षित जागेत बसवतात. नीटनेटकेपणात तसं नाही, खाडाखोड बोट ठेवून दाखवता येते, म्हणून तिथे १ द्यायलाही हात कचरत नाही.

तुमच्या रुब्रिकमधले तीन दोष वेगवेगळे नाहीत. जिथे वर्णन धूसर तिथे गुण गोळा होतात, त्या ओळीचं वजन कागदावरच राहतं आणि ते वजन डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींकडे सरकतं. त्यात दिसणाऱ्या गोष्टींच्या ओळी चार. गुणांचे आकडे शेवटी बदला, आधी वर्णनं.

---

नवीन_गुरुजी

सर, मग वर्णनात आकडे घालूया की. 'किमान ५ संदर्भ: उत्कृष्ट, ३ ते ४: चांगले, १ ते २: समाधानकारक.' कोणीही तपासलं तरी गुण सारखेच. माझ्या बी.एड.च्या सराव पाठाला असंच केलं होतं.

---

निफाडकर

केलंय मी हे. पाच संदर्भ मागितले, पाच आले. त्यातले तीन एकाच उताऱ्याची तीन संकेतस्थळांवरची नक्कल होती आणि एकात वर्तमानपत्राचं नुसतं नाव. रुब्रिकप्रमाणे उत्कृष्ट! गुण सारखे पडतात हे खरं, पण सारखेच चुकीचे पडतात.

आणि वर्णनात्मक नोंदींचा अनुभव विसरलात का? 'समजपूर्वक वाचन करतो', 'उपक्रमात आवडीने भाग घेतो'. बाजारात तयार वाक्यांच्या पुस्तिका मिळायला लागल्या, आणि चाळीस मुलांच्या नोंदी एकसारख्या. वर्णन लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही.

---

खडूफळा

निफाडकर, यावर आपलं जमलं.

गुरुजी, मोजता येणारं वेगळं आणि दाखवता येणारं वेगळं. वर्णनात 'काय दिसलं की ही पातळी' एवढं हवं. त्यात दरवेळी आकडा लागत नाही. ज्ञानाच्या ओळीवरच करून बघू. 'विषयाचे ज्ञान' हे नावच फार ऐसपैस आहे. विज्ञानाच्या प्रकल्पात नेमकं काय बघायचंय? माझ्या मते मुलांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या नोंदींतून निघतो का, हे. मग ओळीचं नाव 'नोंदींवरून निष्कर्ष' करा आणि पातळ्या अशा:

४: निष्कर्ष स्वतःच्या नोंदींतून निघतो आणि त्यात न बसणारी नोंद दाखवून तिचं कारण सांगतात.
३: निष्कर्ष नोंदींतून निघतो, न बसणाऱ्या नोंदीबद्दल काही नाही.
२: नोंदी आहेत, निष्कर्षही आहे, पण निष्कर्ष पुस्तकातला, नोंदी नसत्या तरी तोच लिहिता आला असता.
१: निष्कर्ष म्हणजे नोंदीच पुन्हा लिहिल्या आहेत.
०: निष्कर्ष नाही.

बघा, कुठेही 'चांगला', 'अधिक चांगला' नाही. प्रत्येक पायरीवर एक वेगळी गोष्ट घडते. हीच खूण: वर्णनातली विशेषणं झाकून ठेवा, तरी पातळ्या ओळखता आल्या पाहिजेत. तुमच्या जुन्या तक्त्यात विशेषणं झाकली तर चारही खणांत फक्त 'ज्ञान' उरतं.

कांद्याचा गट यात कुठे बसेल? एका क्रेटचं वजन एकदम घसरलं ही न बसणारी नोंद. तिचं कारण त्यांनी सांगितलं होतं का?

---

गोदाकाठ

वहीत नोंद आहे, कारण नाही. तोंडी विचारलं तेव्हा एक मुलगा म्हणाला की सडलेले कांदे काढून टाकले होते, म्हणून वजन कमी भरलं. म्हणजे ती घट सुकण्याची नव्हतीच. पण आलेखात त्यांनी ती सुकण्याच्या घटीतच धरलीय! हे जुन्या रुब्रिकने माझ्या लक्षातच आलं नसतं. तर ३. आणि उत्तर देता आलं म्हणून प्रश्नोत्तरांच्या नव्या ओळीत ३.

मी काल दोन सहकाऱ्यांना घेऊन बसले. चार ओळी केल्या: नोंदी, नोंदींवरून निष्कर्ष, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आणि मांडणी. मांडणीचं वर्णन 'तक्ता आणि आलेख दुसऱ्याला न विचारता वाचता येतो का' एवढ्यापुरतं. सर्जनशीलता आणि नीटनेटकेपणा काढले. वजन: नोंदींना पातळी गुणिले ४, निष्कर्षाला ४, उत्तरांना २.५, मांडणीला २. म्हणजे १६, १६, १०, ८, एकूण ५०. ते ५० प्रगतिपुस्तकासाठी लागतातच, नाहीतर अर्ध्या गुणाची कटकट केली नसती.

कांदा: ४, ३, ३, १. म्हणजे १६, १२, ७.५, २, एकूण ३७.५. मॉडेल: २, २, २, ४. म्हणजे ८, ८, ५, ८, एकूण २९.

---

निफाडकर

मॅडम, रागावू नका, पण हे आधी निकाल ठरवून मग नियम लिहिल्यासारखं झालं. तुम्हाला कांदा आवडला होता, कांदा पहिला येईपर्यंत तुम्ही ओळी हलवल्या. शिवाय मॉडेलवाल्या मुलांना 'स्वतः मोजमाप करा' असं कोणी सांगितलं होतं का? सूचनापत्रकात काय होतं?

---

गोदाकाठ

'दिलेल्या यादीतील एका विषयावर प्रकल्प तयार करून सादर करा.' बस्स.

---

निफाडकर

मग त्या पोरांचा दोष काय? त्यांना जे विचारलं ते त्यांनी केलं, तेही सुबक केलं.

---

खडूफळा

निफाडकरांचं हे म्हणणं मी खोडणार नाही. या वर्षीचे गुण बदलू नका. नवीन रुब्रिक पुढच्या प्रकल्पाला आणि तेही सूचनापत्रकाबरोबर, सुरुवातीलाच मुलांच्या हातात. रुब्रिकमध्ये नोंदींना १६ आणि सूचनेत 'नोंदी' हा शब्दही नाही, असा तक्ता कितीही सुबक असला तरी अन्यायच करतो.

'कांदा पहिला येईपर्यंत' या आक्षेपावर उपाय आहे. ज्या दोन प्रकल्पांवरून रुब्रिक घडवलं ते बाजूला ठेवा. उरलेल्या २२ मधून सहा उचला, तुमच्या डोक्यात ज्यांचा क्रम नाही असे. तिघांनी एकमेकांना न विचारता तपासा. मग गुणांची बेरीज बघू नका, ओळवार पातळ्या बघा. एका पातळीचा फरक चालेल. दोन पातळ्यांचा फरक जिथे पडेल ते वर्णन परत लिहायचं. भांडण व्यक्तीशी नाही, त्या वाक्याशी करायचं.

---

आकडेमोड

एक तांत्रिक गोष्ट. शून्याची पातळी ठेवलीत ते बरं केलंत. पातळ्या १ ते ४ असत्या तर काहीही न करता प्रत्येकाला ५० पैकी १२.५ मिळाले असते, आणि १६ गुणांची ओळ प्रत्यक्षात १२ चाच फरक पाडू शकली असती. आमच्याकडे पुरवठादारांच्या गुणांकनात हा घोळ बरेच दिवस चालला होता.

ज्ञानाला २० करा हे मागे घेतो. पण नवीन गुण आले की STDEV.P परत चालवा. नोंदींच्या ओळीत सगळ्यांना ३ आले तर तिथे पुन्हा ओवाळणी सुरू झाली असं समजा.

---

नवीन_गुरुजी

सर्जनशीलता पूर्ण काढली ते पटलं नाही. एखादा गट साध्या गोष्टीतून भन्नाट युक्ती काढतो. माझ्या वर्गात एकाने पावसाचं पाणी मोजायला शीतपेयाची बाटली कापून यंत्र केलं. त्याचे गुण कुठे?

---

खडूफळा

नोंदींच्या ओळीत. बाटलीच्या यंत्रामुळे त्याला नोंदी घेता आल्या ना? 'साधन नसताना स्वतः साधन तयार करून नोंदी घेतल्या' हे तिथल्या चौथ्या पातळीत एका वाक्याने बसतं. नुसतं 'सर्जनशील' म्हटलं की निळे दिवेच आत येतात.

---

नवीन_गुरुजी

पण मग कांद्याच्या गटाला साधन करायची गरजच नव्हती, वजनकाटा मामाकडे होता. त्यांना चौथी पातळी मिळणार नाही?

---

खडूफळा

बरोबर पकडलंत. 'किंवा' टाकून दोन वाटा दिल्या तर वर्णन लांबतं, न टाकावं तर मामाचा काटा आड येतो. मला याचं स्वच्छ उत्तर सुचलेलं नाही. कोणाकडे असेल तर लिहा.

---

फिटरमास्तर

आमच्याकडे साधन हाताशी असणं-नसणं तक्त्यात येऊच देत नाही, सगळ्यांना सारखी हत्यारपेटी. शाळेत ते कसं जमवणार कोण जाणे.

---

गोदाकाठ

सहा प्रकल्पांची चाचणी झाली. आम्ही तिघी वेगवेगळ्या वर्गात बसलो होतो, नाहीतर चेहऱ्यावरूनच कळलं असतं.

निष्कर्षाच्या ओळीत सहापैकी पाच प्रकल्पांना तिघींची एकच पातळी, एकाला एका पातळीचा फरक. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच मी १ देताना घाबरले नाही, कारण बोट ठेवायला वाक्य होतं. नोंदींची ओळही ठीक. पसरही आला, ० पासून ४ पर्यंत.

मांडणीत मात्र दोन प्रकल्पांना दोन-दोन पातळ्यांचा फरक पडला. गंमत म्हणजे दोन्हीकडे आलेख वाचता येत होता, अक्षांवर एकक नव्हतं. एकीने म्हटलं, किलो की ग्रॅम हे वरच्या तक्त्यावरून कळतं, म्हणून ३. दुसरी म्हणाली, आलेख एकटा बघितला तर कळत नाही, म्हणून १. 'दुसऱ्याला न विचारता' यात दुसरा म्हणजे कोण आणि त्याच्यापुढे काय काय ठेवलंय, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. आता 'फक्त आलेख दाखवला तर काय मोजलं आणि कोणत्या एककात हे सांगता येतं' असं केलंय. उद्या तेच दोन प्रकल्प चौथ्या बाईंना देणार आहे, ज्या आमच्या चर्चेत नव्हत्या.

एक अडचण उरलीय. उत्तरांच्या ओळीत गटातला एकच मुलगा बोलतो आणि गुण चौघांना. मुख्याध्यापक म्हणतात प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारा. २४ गट, चौघे धरले तर ९६ प्रश्न, तासिका ३५ मिनिटांची.

---

निफाडकर

कोणाला विचारायचं ते गटाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवा. प्रत्येक गटातून एकच नाव, पण ते आधी कळणार नाही. मग चौघेही तयारी करतात. आमच्याकडे चालतं.

---

पंचवटीची_आई

म्हणजे माझी मुलगी तयार असून चिठ्ठी दुसऱ्याची निघाली आणि त्याला आलं नाही तर तिचे गुण जाणार? हे तर अजूनच वाईट.

(गोदाकाठ बाई, वर्गशिक्षिकेला भेटले. फोड दिली त्यांनी. तिची वही उशिरा गेली म्हणून 'नियमितता' आणि 'वेळेत पूर्तता' अशा दोन्ही ओळींत गुण कापलेत.)

---

खडूफळा

ताई, तुमचा धागा हाच होता म्हणायचा. एकच उशीर, दोन ओळी. त्या तक्त्याचा फोटो शाळेची परवानगी घेऊन इथे टाका, बघू.

चिठ्ठीबद्दल तुमचं बरोबर आहे. निफाडकर, चिठ्ठी तयारी करून घ्यायला चांगली, गुण द्यायला धोक्याची. १० गुण एका चिठ्ठीवर नकोत. मॅडम, उत्तरांची ओळ तात्पुरती १.५ वर आणा आणि मांडणी २ वरच ठेवा, म्हणजे ६ आणि ८. सुटलेले ४ गुण निष्कर्षाला, तिथे पातळी गुणिले ५, म्हणजे २०. सोळा, वीस, सहा, आठ: पन्नास.

---

गोदाकाठ

मग मांडणी उत्तरांपेक्षा जड होते, सर. सुबक चार्ट मागच्या दाराने पुन्हा आत.

---

खडूफळा

मांडणी १.५ करा मग, आणि नोंदींना ४.५. अर्ध्या गुणाची कटकट आहेच, ती वाढेल.

---

गोदाकाठ

नोंदी १८, निष्कर्ष २०, उत्तरं ६, मांडणी ६. हे घेऊन शनिवारी शिक्षकसभेत बसते. चित्रकलेचे सर सर्जनशीलता का काढली म्हणून विचारणारच आहेत, त्यांच्यासाठी बाटलीच्या यंत्राचं उदाहरण नेते. वजनकाटा असलेल्या मामाचं काय करायचं ते सुचलं तर शुक्रवारपर्यंत कळवा.